दुकान बंद होतंय म्हणे! खुलासा लिहिताना या चुका टाळा

माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर हा मुख्य धंदा, पण मधूनमधून कुणीतरी मोबाइल पुढे करून म्हणतं, "एवढा मजकूर जरा नीट करून द्या." गेल्या दिवाळीच्या आधी शेजारच्या काकू अशाच आल्या. बसस्टँडमागे त्यांचं ब्लाउज शिलाई आणि पिको-फॉलचं दुकान आहे. गावातल्या दोन-तीन ग्रुपवर मेसेज फिरत होता: "काकूंचं पिको-फॉलचं दुकान कायमचं बंद होतंय. कापड दिलं असेल तर लगेच उचला, ॲडव्हान्स बुडेल." धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला आणि हा मेसेज 7 तारखेचा. शिलाईवाल्यांच्या ऐन सीझनला.

दुकानात वायरिंगचं काम निघालं होतं, म्हणून 6 ते 8 तारीख शटर बंद होतं. मशिनी आणि कापडांची बोचकी टेम्पोत घालून घरी नेलेली. त्यात वरच्या मजल्यावर घरमालकाने "गाळा भाड्याने देणे आहे" असा बोर्ड लटकवला, तो नेमका काकूंच्या पाटीच्या वर. बंद शटर, वर बोर्ड, सामान भरलेला टेम्पो. बघणाऱ्याने बेरीज केली. त्याला खोटं बोलायचं होतं असं मला तरी वाटत नाही, आणि हे आधी ध्यानात घेतलं की उत्तराचा सूर आपोआप उतरतो.

काकूंनी लिहिलेलं उत्तर असं होतं:

"सर्वांना नमस्कार. आमचं दुकान कायमचं बंद होणार अशी खोटी अफवा काही जळाऊ लोकांनी पसरवली आहे. गेली 19 वर्षं आम्ही प्रामाणिकपणे सेवा देत आहोत. यजमानांचं ऑपरेशन झालं, वायरमन दोनदा येऊन गेला, मालकाचा आणि आमचा काही वाद नाही, तरी लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. कोणी हे केलं ते आम्हाला माहीत आहे. पोलिसात मानहानीची केस करणार. आमचं दुकान कधीही बंद होणार नाही!!! सत्यमेव जयते 🙏🙏🙏"

संताप समजण्यासारखा आहे. पण हेच ग्रुपवर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरासमोर रांग लागली असती. का, ते बघू.

पहिली ओळ अफवेलाच देऊन टाकली

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि सगळ्यात महागात पडते. मेसेज आला की मोबाइलच्या वरच्या पट्टीत पहिली ओळ-दीड ओळ दिसते. बरेच जण तेवढंच वाचून पुढे जातात. काकूंच्या मजकुरातलं तेवढंच काय दिसलं? "सर्वांना नमस्कार. आमचं दुकान कायमचं बंद होणार अशी..." म्हणजे अफवेवर खुद्द मालकिणीची सही.

"बंद होणार नाही" असं लिहूनही फारसं काम होत नाही, कारण मराठीत नकार शेवटी येतो. वाचणारा "बंद होणार" इथपर्यंत आला की अर्धं काम बिघडलेलं असतं. आधी खरी गोष्ट सांगावी, होकारात, तारखेसकट. काकूंच्या बाबतीत ती गोष्ट एका ओळीची होती: दुकान गुरुवारी 9 ऑक्टोबरला सकाळी 10 वाजता उघडेल. एवढीच ओळ कुणी वाचली तरी निरोप पोहोचला. मी मजकूर तपासताना पहिल्या ओळीखाली बोट धरून बाकीचा झाकतो. उरलेली ओळ एकटी वाचून जे समजतं, तेच गावभर जाणार.

"सर्वांना नमस्कार" काढायला काकूंचा जीव होईना. मग नमस्कार शेवटी नेला, सहीपाशी.

लोक काय विचारतायत, तेच राहून गेलं

काकूंचं उत्तर परत वाचा. त्यात कापडाचा शब्द नाही, ॲडव्हान्सचा नाही, दिवाळीच्या तारखांचा नाही. आणि गिऱ्हाइकाला फक्त तेवढंच जाणून घ्यायचं होतं. 19 वर्षांच्या सेवेबद्दल कुणाची शंका नव्हती. पैठणीचं ब्लाउजपीस कुणाकडे आहे आणि ते कधी मिळेल, ही शंका होती.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी मी काकूंना म्हटलं, काल-आज आलेले फोन आठवा, कुणी काय विचारलं ते सांगा. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: कापड कुठंय, ब्लाउज वेळेवर मिळणार का, भरलेले पैसे परत मिळतील का. तिन्ही प्रश्न एकच आहेत, माझ्या मालाचं काय. पैशाचा वेगळा खुलासा करायचा नाही असं ठरवलं. ब्लाउज ठरल्या दिवशी मिळतंय म्हटल्यावर पैसे परत करण्याचा प्रश्नच उरत नाही, उलट "ॲडव्हान्स सुरक्षित आहे" असं वाचून ज्याच्या मनात काही नव्हतं त्याच्याही मनात येतं.

एक अडचण मात्र होती. 6 ते 8 तारखेच्या ज्या पावत्या दिल्या होत्या, त्यांची ब्लाउजं चुकणार होती. काकू म्हणाल्या, ते कशाला लिहायचं, बघू तेव्हा. इथे मी हट्ट धरला. चार पावत्या असोत की चौदा, ती गिऱ्हाइकं शटर बंद बघून परत जाणार आणि "मी स्वतः जाऊन आले, बंदच आहे" म्हणून सांगणार. अफवेत जेवढा भाग खरा आहे तेवढा आपणच आधी कबूल करावा. तीन दिवस दुकान बंद आहे, हे खरं. ते लिहिलं की बाकीच्यावर विश्वास बसतो.

किती कारणं द्यायची

यजमानांचं ऑपरेशन, वायरमनच्या फेऱ्या, मालकाशी वाद नसणं. यातली एकेक गोष्ट नवा प्रश्न घेऊन येते. "वाद नाही" वाचलं की वाद असावा असंच वाटतं. कुणी विचारलेलंच नव्हतं. मी एक साधी चाळणी लावतो: जे गिऱ्हाइकाला रस्त्यावरून आजही दिसतंय, त्याचाच खुलासा करायचा. शटर दिसतंय, म्हणून वायरिंगचं कारण. बोर्ड दिसतोय, म्हणून तो वरच्या मजल्याचा आहे एवढं सांगणं. टेम्पो येऊन गेला, मोजक्यांनी पाहिला, तो गाळला.

"कोणी केलं ते माहीत आहे" हे वाक्य तर पहिलंच खोडलं. ग्रुपवर चाळीस जण स्वतःला विचारतात, माझ्याबद्दल का हे? मग चर्चा त्याचीच होते आणि दुकानाची वेळ कुणी वाचत नाही. पोलिसांच्या धमकीचंही तेच. मानहानी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये येते, पण तो अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस त्यात आपण होऊन तपास सुरू करत नाहीत, तक्रार घेऊन कोर्टात जावं लागतं. ग्रुपमध्ये एखादा वकील असतोच, तो हे लगेच लिहितो आणि आपली धमकी फुसकी ठरते. खरंच कुणी मुद्दाम, पुन्हा पुन्हा करत असेल तर स्क्रीनशॉट ठेवावेत आणि वकिलाला भेटावं. ते काम या मेसेजचं नाही.

आणि "कधीही बंद होणार नाही"? काकूंना गुडघेदुखी आहे, दोन-चार वर्षांत दुकान आवरायचा विचार त्या स्वतःच बोलून दाखवतात. खुलाशात पाळता येईल तेवढंच लिहावं. गुरुवारी उघडेल, हे पाळता येतं.

शेवटी गेलेला मजकूर

"बसस्टँडमागचं काकूंचं पिको-फॉलचं दुकान गुरुवारी 9 ऑक्टोबरला सकाळी 10 वाजता उघडेल.
वायरिंगच्या कामासाठी 6 ते 8 ऑक्टोबर बंद आहे. भाड्याने द्यायचा गाळा वरच्या मजल्यावरचा आहे.
सगळी कापडं आमच्या घरी नीट ठेवली आहेत. पावतीवरच्या तारखेला ब्लाउज मिळेल. 6 ते 8 ची पावती असेल त्यांनी शनिवारी 11 तारखेला यावं.
काही विचारायचं असल्यास पावतीवरच्या नंबरवर फोन करा. नमस्कार.
7 ऑक्टोबर 2025, संध्याकाळ"

"अफवा", "खोटं" हे शब्द एकदाही नाहीत. दुकानाचं पाटीवरचं नाव वेगळंच आहे, देवीच्या नावाने, पण गावात ते कुणाच्या तोंडी नाही; म्हणून लोक म्हणतात तेच नाव घातलं. खाली तारीख आणि वर्ष घातलं, कारण असे मेसेज महिनोन्महिने फिरत राहतात आणि बिनतारखेचा "गुरुवारी उघडेल" पुढच्या जून महिन्यात नवीच अफवा होतो. "शनिवारी 11" ही तारीख काकूंनी आधी 10 सांगितली होती. मी त्यांना मशीनवर बसून शिलाईचा हिशेब करायला लावला, तेव्हा 11 निघाली. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण तोवर कुणी पुढे पाठवला असेल तर ती प्रत जशीच्या तशी राहते. तारखा आधीच तपासलेल्या बऱ्या.

पाठवल्यानंतरची गडबड

मेसेज ज्या ग्रुपवर अफवा आली तिथेच एकदा टाकावा. बाकीच्या दहा ग्रुपांवर टाकला तर ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही कळतं की काहीतरी झालंय. खाली कुणी "म्हणजे बंद होतंय ना?" विचारलं तर एकच ओळ: "नाही, गुरुवारी सकाळी 10 ला उघडतंय." टोमण्याला उत्तर नाही.

उत्तर लागू पडलं की नाही, ते येणाऱ्या फोनवरून कळतं. "खरं आहे का हो?" असे फोन येत राहिले तर पहिली ओळ फसली आहे. "शनिवारी किती वाजता येऊ?" असं विचारू लागले तर मजकूर नीट वाचला गेला. काकूंना त्या रात्री दोन्ही प्रकारचे फोन आले, बुधवारी दुपारनंतर फक्त दुसऱ्या प्रकारचे. फोन थांबत नसतील तर गूगल मॅपवर दुकान उघडून बघावं. तिथे कुणीही "Suggest an edit" मधून दुकान बंद झाल्याचं सुचवू शकतं, आणि नावाखाली "Permanently closed" असं लाल अक्षरांत आलं असेल तर ग्रुपवरचा खुलासा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, आधी ते दुरुस्त करून घ्यावं.

आमच्या बाबतीत मूळ दुखणं मात्र शटरवरच निघालं. काकूंनी वहीच्या कागदावर लिहून चिकटवलं होतं: "काही कारणास्तव दुकान बंद आहे." ना तारीख, ना कारण. तो कागद काढून खुलाशाच्या पहिल्या दोन ओळी मोठ्या अक्षरांत छापून लावल्या. घरमालकांना विचारून वरच्या बोर्डावर जाड मार्करने दोन शब्द वाढवले: "वरचा मजला".