पोस्ट शेड्युल करताय? चहावाल्या दादांच्या या चुका टाळा

महिन्याभराच्या पोस्ट एका बैठकीत शेड्युल करून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. छोट्या हॉटेलवाल्यांची, टपरीवाल्यांची पेजेस बघायचं काम करतो, त्यामुळे हे सारखं दिसतं. शेड्युल करणं वाईट नाही, पण शेड्युल करून विसरून जाणं वाईट आहे.

सिंहगड रोडला ओळखीतल्या एका दादांची चहाची टपरी आहे. भाच्याने जुलै २०२४ च्या सगळ्या पोस्ट महिन्याच्या सुरुवातीलाच मेटा बिझनेस सूटमध्ये लावून ठेवल्या, फेसबुक आणि इन्स्टा दोन्हीला टिक करून. त्यातली एक होती २५ जुलै, सकाळी साडेसातची. कांदाभजीचा फोटो आणि वर "धो धो पाऊस आणि कडक चहा, अजून काय पाहिजे!"

आता त्या सकाळी पुण्यात काय चाललं होतं ते आठवा. रात्रभर पाऊस, पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी मुठेत सोडलेलं, एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलेलं, लोकांना बोटीतून बाहेर काढत होते आणि डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघे तरुण शॉक लागून गेले. दादा स्वतः टपरीतली शेगडी आणि डबे उंचावर ठेवत होते, फोन बघायला वेळ कुठला. आणि पोस्ट गेली बरोबर साडेसातला. ज्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या तेच तर रोजचे गिऱ्हाईक, त्यांनी खाली लिहिलं, "दादा, घरात पाणी आहे आमच्या, आणि तुम्हाला भजी सुचतायत?"

पुढे जे झालं त्यात खरं शिकण्यासारखं आहे. दादांनी आधी फोनचा डेटा बंद केला, कारण त्यांना वाटलं पोस्ट फोनमधून जाते. नाही जात. शेड्युल केलेली पोस्ट कंपनीच्या सर्व्हरवर असते, तुमचा फोन बंद असो नाहीतर पाण्यात पडो, ती जाणारच. मग इन्स्टावरची डिलीट केली आणि निवांत झाले, पण फेसबुकवरची तशीच राहिली, दुपारपर्यंत शिव्या खात. दोन्हीकडे एकदम टाकली तरी त्या दोन वेगळ्या पोस्ट असतात, एक काढली म्हणून दुसरी जात नाही. फेसबुकचं लॉगिन भाच्याकडे, दादांनी पासवर्ड टाकला तर ओटीपी भाच्याच्या नंबरवर, आणि भाचा कॉलेजच्या गावी झोपलेला. दुसऱ्या दिवशीची "पावसाळी ऑफर" पण रांगेत उभीच होती, ती भाचा उठल्यावर थांबली.

म्हणून एक पासवर्ड दोघांत फिरवू नका. बिझनेस सूटच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या अकाउंटवरून ॲक्सेस देता येतो, पाच मिनिटांचं काम आहे, आणि टपरीवर जो उभा असतो त्याच्याकडे तो असलाच पाहिजे. थांबवायची वेळ आली तर प्लॅनर उघडा, त्या आठवड्याच्या सगळ्या पोस्ट ड्राफ्टमध्ये टाका, डिलीट करू नका, नंतर कामाला येतात. आणि इन्स्टाच्या ॲपमधून शेड्युल केलं असेल तर तिथल्या शेड्युल्ड कंटेंटमध्ये जाऊन वेगळं बघा. मी तर रोज रात्री दुकान बंद व्हायच्या वेळेला उद्याची पोस्ट उघडून वाचतोच.

दुसरं, हवामानावर, मूडवर, "आज"वर लिहिलेली पोस्ट कधीच आधी लावू नका. पाऊस आला की तेव्हा फोटो काढा आणि टाका, दोन मिनिटं लागतात. आधी लावायचं तर टपरीची वेळ, मसाला चहा कसा बनतो, पार्सल मिळतं का, असलं लावा.

बाकी छोट्या चुका. सकाळी सात आणि संध्याकाळी सात यात घोळ. भाचा दुबईला असेल आणि तिथून लावत असेल तर तिथले साडेसात म्हणजे इथले नऊ, चहाची वेळ गेली. फोटोवरच भाव छापलाय आणि मधे दूध महागलं. आषाढी एकादशीला कांदाभजीची पोस्ट, कालनिर्णय भिंतीवर असून. आणि काही गोष्टी कुठल्याच कॅलेंडरात नसतात, ६ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी लतादीदी गेल्या, त्या दिवशी कुणाकुणाच्या "संडे धमाल" पोस्ट रांगेत असतील.

पोस्ट गेलीच तर? आधी दोन्हीकडून काढा, मग दोन ओळींची माफी. "ही पोस्ट आधीच लावलेली होती, आज जायला नको होती, माफ करा" एवढंच, भाच्यावर ढकलू नका, कमेंट बंद करू नका. दादांनी तेच लिहिलं आणि खाली टपरी चालू आहे की बंद ते पण लिहिलं, कारण त्या दिवशी लोकांना ते जास्त हवं होतं.