पुरणपोळीचा भाव ठरवण्याआधी

भाव ठरवण्याआधी एक घाणा मोजून करायचा. त्यासाठी वजनकाटा, घड्याळ आणि वही ओट्यावर हवी. भाव आपल्या बाजाराचे घ्यावेत. इथले आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत.

समजा १ किलो हरभरा डाळ ९० रुपये, १ किलो गूळ ६०, पाऊण किलो कणीक-मैदा ३५, २०० ग्रॅम तूप १२० आणि वेलची-जायफळ २५. एकूण ३३० रुपये. पुरण आटल्यावर त्याचं वजन करावं. ते ३ किलो भरलं, तर ७५ ग्रॅमच्या गोळ्याने ४० पोळ्या होतात. हात सैल पडून गोळा ८५ ग्रॅमचा झाला की ३५च होतात, आणि पैसे कुठे गेले ते कळत नाही. म्हणून पहिले काही गोळे तरी काट्यावर ठेवावेत. फुटलेल्या, करपलेल्या दोन पोळ्या वजा करून ३८ने भागलं, तर सामान पोळीमागे सुमारे ८.७० रुपये पडतं.

गॅसचा अंदाज बांधू नये. घाण्याआधी आणि नंतर सिलिंडर काट्यावर ठेवला की फरक दिसतो. ३५० ग्रॅम गेला आणि व्यावसायिक सिलिंडरचा गॅस किलोला १०० रुपये पडत असेल, तर ३५ रुपये झाले. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, त्यामुळे त्याचा भाव धरू नये. मिक्सर-दिव्याचे ५ मिळवले की पोळीमागे १.०५. पाच पोळ्यांचा डबा, बटर पेपर, लेबल आणि पिशवी मिळून १२.५० रुपये, म्हणजे पोळीला अडीच.

आता मजुरी. घड्याळ फक्त लाटताना लावलं तर हिशेब फसतो. बाजार, डाळ निवडणं, पुरण वाटणं, पॅकिंग आणि शेवटी भांडी, सगळं धरून साडेचार तास लागले असं धरू. तासाला ८० रुपये लावले तर ३६०, म्हणजे पोळीला साडेनऊ. सामानापेक्षा जास्त!

एकूण २१.७५. ‘सामानाच्या दुप्पट भाव’ या प्रचलित हिशेबाने पोळी १७.४०ला जाते. त्यातून सामान, गॅस आणि डबा वजा जाता ५.१५ उरतात, म्हणजे तासाला जेमतेम ४३ रुपये. शेव-फरसाणाला दुप्पट कदाचित चालेल, पण एकेक पोळी हाताने लाटावी लागते.

२१.७५वर न खपलेल्या मालासाठी व भांड्यांच्या झिजेसाठी ५ टक्के आणि त्यावर २० टक्के नफा धरला की सुमारे २७.४०, म्हणून भाव २८. दुकानदार विक्रीवर २० टक्के घेणार असेल, तर २८मध्ये ५.६० मिळवून ३३.६० लावू नयेत. त्यातून त्याचा वाटा गेल्यावर हातात २६.८८च येतात. २८ला ०.८०ने भागावं: ३५.