गालिचा हाताचा की मशीनचा? कोपरा उलटून फोटो मागवा

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंना फोनवर एका गालिच्याचे फोटो आले. विकणारा म्हणे, "ताई, हाताचाच हाये, भदोहीचा." उत्तर प्रदेशातलं भदोही गालिच्यांसाठी प्रसिद्ध. चारही फोटो वरूनच काढलेले. मी त्याला एवढंच सांगितलं, "भाऊ, झालरीकडचा कोपरा उलटा करा, बाजूला रुपयाचं नाणं ठेवा, उजेडात जवळून फोटो पाठवा."

फोटो आला आणि झालर लगेच उघडी पडली. हाताच्या गालिच्यात झालर म्हणजे विणकामातल्या उभ्या ताण्याचीच टोकं असतात, ती अंगातूनच बाहेर येतात. इथे मात्र काठावर शिलाईची सरळ रेघ होती, साडीला लेस लावावी तशी. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण जुन्या अस्सल गालिच्यालाही कधी नवी झालर शिवतात.

म्हणून पाठ बघा. हाताच्या गालिच्यात नक्षी पाठीवरही जवळपास तितकीच स्पष्ट दिसते, आणि गाठी थोड्या लहान-मोठ्या, ओळी किंचित वाकड्या असतात. काकूंच्या फोटोत पाठ फिकट होती, तागाच्या एकसारख्या सरळ रेघा होत्या. मशीनचाच. पाठीवर नुसतं कापड चिकटवलेलं असेल तर गाठी मारलेल्याच नाहीत. असा माल हाताने केलेला असला तरी हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या भावात घेऊ नये.

फुलांच्या कडाही पाहिल्या. डावं-उजवं फूल हुबेहूब निघालं, पण नुसत्या त्यावरून मी ठरवत नाही. फोनचा फोटो झूम केला की कडा तशाही फसव्या दिसतात.