डब्याचा दर वाढवण्याआधीची तयारी

दरवाढीचा निरोप लिहायला घेण्याआधी वही उघडा आणि एका डब्यामागे नेमकं काय वाढलंय ते काढा. रत्नागिरीत माझे रोज साठ डबे जातात, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १,५६० डबे. रोज बारा नारळ लागतात. नारळामागे दहा रुपये वाढले, म्हणजे डब्यामागे दोन रुपये. हाताखालच्या बाईंचा पगार मी महिना ३,१०० रुपयांनी वाढवला, तेही डब्यामागे जवळपास दोनच झाले. डबे पोचवणाऱ्या मुलाला आता डब्यामागे दीड रुपया जास्त देते, तेल-भाजीचा आणखी दीड. झाले सात. दर मात्र मला ९० वरून १०० करायचाय. मग वरचे तीन कसले? ते माझे. दोन वर्षं मी स्वतःच्या मजुरीत एक रुपया वाढवला नव्हता. निरोपात लपवावीशी वाटते ती हीच ओळ, आणि तीच नक्की लिहायची.

आता प्रत्येक कारणाला विचारा, हे वर्षभर टिकणारं आहे का? मागच्या खेपेला मी इथेच चुकले. जूनमध्ये लिहिलं होतं, ‘मासळी महागल्यामुळे दर वाढवत आहे.’ १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी महागणारच. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या, बांगडा उतरला आणि एका शिक्षकांनी शांतपणे विचारलं, “काकू, आता बांगडा स्वस्त झाला ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दर खाली आणणं शक्य नव्हतं, कारण खरं कारण पगाराचं होतं आणि ते मी लिहिलंच नव्हतं. सिलिंडरचंही तसंच. व्यावसायिक टाकीचा भाव एक तारखेला बदलतो, कधी उतरतोही. जे कारण उतरल्यावर तुम्ही दर उतरवणार नाही, ते कारण लिहू नका.

पहिला मसुदा बहुतेक असा होतो: ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने दरात किंचित वाढ करावी लागत आहे, सहकार्य करावे.’ यातला ‘किंचित’ आधी काढा. महिन्याला २६० रुपये ही रक्कम किंचित आहे की नाही, ते घेणारा ठरवेल. ‘नाइलाजाने’ही काढा, निर्णय तुमचा आहे. ‘महागाई’च्या जागी नारळ आणि पगार लिहा. जुना दर, नवा दर आणि तारीख पहिल्याच वाक्यात हवी, नाहीतर माणूस तीन ओळी वाचून मग आकडा शोधतो आणि तेवढ्यात वैतागतो. मी बदलून लिहिलेला निरोप असा:

‘नमस्कार. १ नोव्हेंबरपासून डबा ९० ऐवजी १०० रुपयांना मिळेल, महिन्याला २६० रुपये जास्त पडतील. नारळाचा भाव आणि हाताखालच्यांचे पगार वाढले आहेत. यातले तीन रुपये माझ्या मजुरीचे आहेत, ती दोन वर्षं वाढवली नव्हती. डब्यात काही कमी होणार नाही. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हाच दर राहील. ज्यांनी आगाऊ पैसे भरलेत त्यांना ते संपेपर्यंत जुनाच दर. दोन पोळ्या आणि भाजीचा छोटा डबा ७५ रुपयांत सुरू करते आहे, हवा असल्यास सांगा.’

सगळा हिशोब निरोपात ओतू नका. मोठी दोन कारणं आणि आपली मजुरी पुरे. सात ओळींचा तक्ता दिला की लोक तेलाच्या दीड रुपयावर घासाघीस करतात. वही हाताशी ठेवा, कुणी विचारलंच तर दाखवा.

‘काही कमी होणार नाही’ लिहिलंय, तर त्या महिन्यात तुकड्याचा आकार स्वतः बघा. दर वाढल्यावर पहिले पंधरा दिवस गिऱ्हाईक सुरमईची तुकडी मोजूनमापून बघतं. नेमक्या त्याच आठवड्यात मासेवालीने बारीक मासळी दिली तर दोन तुकड्या घाला. वर्षभराचा शब्दही वहीत बघूनच द्या. नारळ आणखी पाच रुपयांनी चढला तर डब्यामागे एक रुपया जाईल, तो माझ्या तिनातून सोसता येतो, म्हणून मी तो शब्द दिला.

निरोप महिनाभर आधी पाठवा, पैसे भरायच्या तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे. गणपतीच्या दिवसांत घरोघरी खर्चाची ओढ असते, तेव्हा टाळाच. जे एकटे, वयस्कर आहेत आणि मोबाईलवरचं वाचत नाहीत, त्यांना आधी फोन करा. शेजाऱ्याकडून कळलं तर मन दुखावतं. आणि एकाने कुरकुर केली म्हणून त्याला गुपचूप ९५ ला देऊ नका. एकाच कचेरीत माझे सात डबे जातात, दुपारच्या जेवणात ते कळायला दोन दिवसही लागत नाहीत. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी छोटा डबा आहे, आणि तो सगळ्यांना एकाच भावात.