कंट्रोलचा चार्ट आखताना एसडी आपल्याच लॅबची घ्या

ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या लॅबमध्ये लेव्ही-जेनिंग्ज चार्ट बऱ्याचदा कंट्रोलसोबत येणाऱ्या कागदावरच्या रेंजवरून आखला जातो. ती रेंज अनेक लॅबच्या आकड्यांवरून काढलेली, म्हणून ऐसपैस असते. त्यात आपल्या मशीनची चूक सहज लपते.

समजा, ग्लुकोजच्या कंट्रोलची छापील रेंज 83 ते 113 आहे. मध्य 98, आणि ही रेंज तीन एसडींची धरली तर एसडी 5. आता तोच कंट्रोल रोज एकदा असा 20 दिवस लावा आणि आकडे एक्सेलमध्ये भरा:

```
D1: =AVERAGE(B2:B21)
D2: =STDEV.S(B2:B21)
D3: =D2/D1*100
```

समजा, सरासरी 98 आणि एसडी 2 आली, म्हणजे सीव्ही साधारण 2 टक्के. सरासरीची रेघ 98 वर, दोन एसडीच्या रेघा 94 आणि 102 वर, तीनच्या 92 आणि 104 वर. उद्या कंट्रोल 103 आला तर छापील रेंजमध्ये तो अगदी निर्धास्त दिसेल. तुमच्या चार्टवर मात्र तो दोन एसडीच्या बाहेर, म्हणजे इशारा.

वीसही आकडे एकाच दिवशी घेऊ नका. दिवसागणिक होणारा फरक त्यात येतच नाही, एसडी खोटी लहान निघते आणि मग विनाकारण इशारे येत राहतात. दोन एसडीबाहेरचा आकडा केवळ बाहेर आहे म्हणून गाळलात तरी हेच होतं. कारण सापडलं, जसं कंट्रोल नीट विरघळला नव्हता, तरच तो काढा.