सरांकडे मुदतवाढ मागायचा मेल कसा लिहायचा, आणि त्यात इमोजी का नको

मुदतवाढीचा मेल म्हणजे खरं तर अर्जच, फक्त तो मोबाईलवर टाइप होतो म्हणून आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या हाताने लिहून मोकळे होतो. सब्जेक्ट रिकामा, वर "हॅलो सर", मग "प्लीज थोडे दिवस द्या ना सर खूप प्रॉब्लेम आहे", आणि खाली दोन रडके चेहरे नि तीन हात जोडलेले. नाव नाही, वर्ग नाही, कुठलं सबमिशन ते पण नाही.

आता हा मेल सरांच्या बाजूने बघा. वर्गात साठ-सत्तर पोरं, कधी दोन-तीन वर्ग, आणि इंटर्नलचे मार्क भरून द्यायची त्यांना स्वतःलाच एक तारीख असते, ती त्यांच्या हातात नसते. त्यामुळे त्यांना एवढंच बघायचं असतं की हा कोण, याला नेमके किती दिवस हवेत, आणि उद्या दुसऱ्या पोराने "त्याला दिलेत मग मला का नाही" म्हटलं तर काय उत्तर द्यायचं. तुमच्या मेलमध्ये या तिन्हीची उत्तरं असली की सर "चालेल" एवढं लिहून पुढे जाऊ शकतात. नसली तर त्यांना उलट प्रश्न विचारावे लागतात, आणि तेवढा वेळ नसला की मेल तसाच पडून राहतो.

आधी हिशोब, मग मेल

एक उदाहरण घेऊ. टीवायबीए भूगोलची मुलगी, गावातल्या 30 घरांचा पाणीवापराचा सर्व्हे करून अहवाल द्यायचा, तारीख शुक्रवार 10 ऑक्टोबर. मधेच ताप आला, 19 घरं झाली, 11 राहिली. मंगळवारी ताप उतरला, बुधवारी 8 तारखेला ती मेल लिहायला बसलीये.

"आठवडाभर द्या" असं लिहायच्या आधी तिने हे मोजायचं: दिवसा लोक शेतात, म्हणजे घरं संध्याकाळीच सापडणार, एका संध्याकाळी चार होतात. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, झाली 11. रविवारी तक्ते आणि लिखाण, सोमवारी प्रिंट नि बाइंडिंग. म्हणजे मंगळवार 14 तारीख. ही तारीख कामातून निघालीये त्यामुळे कोणी "एवढे दिवस कशाला?" विचारलं तरी तिच्याकडे उत्तर आहे. आणि मागायची ती एकदाच, दुसऱ्यांदा मुदत मागायला गेलात तर पहिल्या मेलवरचा विश्वासपण जातो.

मेल शेवटच्या तारखेच्या आधी गेला पाहिजे. रात्री 11:50 ला गेलेला मेल सर सकाळीच वाचणार, तोवर मुदत संपलेली. कॉलेजचा मेल आयडी असेल तर त्याच्यावरूनच पाठवा, नसेल तर आपल्या जीमेलला नाव काय दिसतं ते एकदा बघून घ्या, बऱ्याच जणांनी दहावीत असताना तिथे टोपणनाव आणि मुकुट टाकून ठेवलेला असतो, आणि सरांच्या इनबॉक्समध्ये सगळ्यात आधी तेच दिसतं.

मेल असा

विषय: टीवायबीए भूगोल, रोल नं. 42: प्रकल्प अहवालासाठी 14 ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळण्याबाबत

आदरणीय सर,

मी टीवायबीए भूगोलची विद्यार्थिनी, रोल नं. 42. पाणीवापर सर्वेक्षणाचा अहवाल शुक्रवारी 10 तारखेला द्यायचा आहे. 3 ते 7 ऑक्टोबर मला ताप होता, त्यामुळे 30 पैकी 19 घरांचंच सर्वेक्षण झालं आहे. उरलेली 11 घरं शनिवारपर्यंत पूर्ण होतील. अहवाल मंगळवारी 14 तारखेला दुपारी 12 पर्यंत जमा करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

आतापर्यंतचे तक्ते आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. मुदत देणं शक्य नसेल तर मी 10 तारखेला 19 घरांवरच अहवाल देईन.

आपली विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव, मोबाइल नंबर)

बस, एवढंच. तापाचं वर्णन नाही, सलाईन लावलेल्या हाताचा फोटो नाही. शेवटचं वाक्य बघा, त्यात सरांना "नाही" म्हणायची सोय ठेवलीये, आणि ती ठेवली की विनंती अडवणुकीसारखी वाटत नाही. तक्ते जोडल्यामुळे काम खरंच चालू होतं हे दिसतं, माझ्या मते चिठ्ठीपेक्षा तेच जास्त उपयोगी पडतं. तुमच्याकडे मेल इंग्रजीत लिहायची पद्धत असेल तर हेच इंग्रजीत लिहा, क्रम बदलायची गरज नाही.

आता इमोजीचं

"पण सर स्वतः ग्रुपवर अंगठा नि फुलं टाकतात की!" टाकतात, तिथे चालतं. पण हा मेल सरांपाशीच राहील असं नाही. मुदत द्यायची तर कधी कधी विभागप्रमुखांना फॉरवर्ड करावा लागतो, कधी मार्क उशिरा का गेले ते दाखवायला प्रिंट काढून फाइलला लावतात. तुमचे तीन रडके चेहरे त्या फाइलमध्ये कसे दिसतील? सर तुमच्या बाजूने बोलणार असतील तरी तो कागद पुढे करताना त्यांनाच ओशाळं होणार.

दुसरं म्हणजे इमोजी तुमच्या फोनवर दिसतो तसाच समोर दिसेल याची खात्री नाही, अ‍ॅपल, गुगल, सॅमसंग यांची चित्रं वेगवेगळी असतात आणि जुन्या कॉम्प्युटरवर नवीन इमोजीच्या जागी नुसता चौकोन येतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना इमोजी दाखवून विचारलं तर एकाच चित्राबद्दलसुद्धा ते आनंदाचं की रागाचं यावर एकमत होईना. दात दाखवून हसणारा तो चेहरा त्यावेळी अ‍ॅपलवर चक्क दात-ओठ खाल्ल्यासारखा दिसायचा.

आणि "स्मायलीने जरा आपलेपणा येतो" हे पण औपचारिक मेलमध्ये खरं ठरलेलं नाही. 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, 29 देशांतल्या 549 लोकांवर केलेला. अनोळखी माणसाकडून आलेल्या कामाच्या मेलमध्ये स्मायली असली तर ती व्यक्ती जास्त प्रेमळ वाटली नाही, उलट कामात कच्ची वाटली. तो अभ्यास विद्यार्थी-प्राध्यापकांवर नव्हता हे खरं, पण सत्तर पोरांच्या वर्गात तुम्हीही सरांना जवळजवळ अनोळखीच असता.

हात जोडलेल्याची तर गरजच नसते, "विनंती" लिहिलंय ना. आणि रडका चेहरा खऱ्या तापालाही नाटक करून टाकतो, वाचणाऱ्याला वाटतं की कारणात दम नाही म्हणून दया मागतोय. फोनवर टाइप करत असाल तर "विनंती", "सर" असं काही लिहिताना कीबोर्डच वरती इमोजी सुचवतो आणि अंगठा आपोआप तिकडे जातो, म्हणून सेंड करायच्या आधी शेवटची ओळ परत वाचा.

उत्तर आल्यावर, आणि नाही आल्यावर

"चालेल" आलं की त्याच मेलला एका ओळीत "धन्यवाद सर, 14 तारखेला दुपारी 12 पर्यंत जमा करते" असं उत्तर द्या. जीमेलमध्ये खाली अंगठ्याची रिअ‍ॅक्शन द्यायची सोय असते, ती दाबू नका, सर दुसरं मेल अ‍ॅप वापरत असतील तर ती त्यांना वेगळा मेल म्हणून जाते आणि आत असतो नुसता एक अंगठा.

गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर शुक्रवारी सकाळी स्टाफरूममध्ये जाऊन विचारा. सर भेटलेच नाहीत तर गप्प बसण्याला होकार समजू नका, 19 घरांचा अहवाल वेळेत देऊन टाका. आणि सबमिशन गुगल क्लासरूमवर असेल तर सरांनी तोंडी किंवा मेलवर हो म्हटलं तरी तिथली तारीख बदललेली नसते, त्यामुळे 14 ला टाकलेलं काम उशिरा आलं असंच दिसतं. म्हणून प्रायव्हेट कमेंटमध्ये "आपण 8 तारखेच्या मेलला उत्तर देऊन 14 पर्यंत परवानगी दिली होती" एवढं लिहून ठेवा, मार्क भरताना सरांना तो मेल शोधत बसायला नको.