६४ नोड जोडायचे आहेत: रिंग, मेश की हायपरक्यूब?

पॅरलल कॉम्प्युटिंग नव्याने शिकताना डायमीटर, बायसेक्शन विड्थ आणि लिंकची संख्या यांची सूत्रं लगेच पाठ होतात आणि तितक्याच लवकर विसरली जातात. त्यापेक्षा ६४ नोड घ्या आणि तिन्ही आकडे हाताने मोजा.

रिंगमध्ये लिंक ६४. समोरासमोरच्या नोडमध्ये ३२ टप्पे, म्हणून डायमीटर ३२. डायमीटर म्हणजे सर्वांत जवळच्या रस्त्यांपैकी सर्वांत लांब रस्ता. इथे ६३ लिहिणारे पुष्कळ, कारण रिंगमधून उलटीकडूनही जाता येतं हे राहून जातं. समान दोन भाग करायला कमीत कमी दोन लिंक तोडाव्या लागतात, एक नव्हे; हीच बायसेक्शन विड्थ.

८×८ मेशमध्ये प्रत्येक ओळीत ७ लिंक, आठ ओळींच्या ५६, उभ्या तितक्याच, एकूण ११२. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ७+७, म्हणजे १४ टप्पे. मधोमध कापलं की ८ लिंक तुटतात.

हायपरक्यूबमध्ये नोडला सहा बिटांचा क्रमांक द्या आणि एकाच बिटाने वेगळे असलेले नोड जोडा. `000000` पासून `111111` पर्यंत सहा बिट बदलायचे, म्हणून डायमीटर ६. लिंक ६४×६÷२ = १९२. भागिले दोन विसरलात तर ३८४ येतात, कारण प्रत्येक लिंक दोन्ही टोकांकडून मोजली जाते. पहिला बिट ० आणि १ असे दोन गट केले की प्रत्येक जोडीची एक, अशा ३२ लिंक तुटतात.

बायसेक्शनचा अर्थ कळायला एका अर्ध्यातल्या ३२ नोडनी दुसऱ्या अर्ध्यात एकेक संदेश पाठवला असं धरा. भार सारखा वाटला तरी रिंगमध्ये मधल्या प्रत्येक लिंकवर १६ संदेश येतात, मेशमध्ये ४, हायपरक्यूबमध्ये १. मॅट्रिक्स ट्रान्सपोज किंवा एफएफटीसारख्या कामात, जिथे सगळे सगळ्यांशी बोलतात, तिथे डायमीटरपेक्षा हाच आकडा जास्त जाचतो.

मग सगळीकडे हायपरक्यूब का नाही? प्रत्येक नोडला सहा पोर्ट लागतात आणि नोड दुप्पट केले की प्रत्येक नोडला आणखी एक. कॅलटेकच्या कॉस्मिक क्यूबमध्ये (१९८३) ६४ नोडांचा असाच हायपरक्यूब होता. पण पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० ज्या इनमॉस ट्रान्सप्युटरवर बांधला, त्याच्या चिपला चारच लिंक होत्या. चार लिंकांत थेट हायपरक्यूब १६ नोडांपर्यंतच जातो, आणि होस्टला जोडायला एकही पोर्ट उरत नाही. ८×८ मेश मात्र त्याच चारांत बसतो: आतल्या नोडचे चारही पोर्ट भरतात, कडेच्या नोडचा एक आणि कोपऱ्यातल्या नोडचे दोन मोकळे राहतात, आणि होस्ट व डिस्क तिथे लावता येतात.